२७ आणि २२

बुधवार, १५ तारीख, धंतोली

आज ऑफिसात नवी इंटर्न आली. थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायला वीस तारखेपर्यंतचीच मुदत, त्यामुळे फोन थांबत नव्हते. पोरगी खुर्चीच्या टोकावर बसलेली, प्रत्येक एंटरआधी स्क्रीनकडे दोनदा बघणारी. तिला इतवारीतल्या एका लोखंड व्यापाऱ्याची मागच्या महिन्याची चाळीस खरेदी बिलं टॅलीत चढवायला दिली.

दुपारी त्या बिलांची टू-बीशी, म्हणजे विक्रेत्यांनी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांच्या यादीशी, मिळवणी केली, तर आपल्या नोंदीत आयजीएसटी १८,००० ने कमी, सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी ९,००० ने जास्त. नऊ-नऊ अठरा. म्हणजे बहुतेक एकच बिल, तेही रकमेत नाही, रकान्यात चुकलेलं.

"पण मॅडम, टोटल तर जुळून राहिलं ना," ती हळूच म्हणाली. जुळतच होतं, आणि म्हणूनच ही चूक लपते. एक लाखाच्या सळया, १८ टक्के कर, एकूण १,१८,०००. पार्टीचं खातं बरोबर, ट्रायल बॅलन्स बरोबर. बिल रायपूरचं होतं, म्हणजे परराज्यातलं, त्यावर आयजीएसटी; सीजीएसटी-एसजीएसटी राज्यातल्या राज्यातल्या खरेदीवर. आधीचं नागपूरच्याच पार्टीचं व्हाउचर डुप्लिकेट करून तिनं पार्टी, नंबर आणि रक्कम बदलली, कराची लेजरं मात्र जुनीच राहिली. घाईत सगळेच असं करतात. हे तसंच थ्री-बीत गेलं असतं, तर पार्टीनं न दाखवलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, आपण घेतलं असतं आणि आयजीएसटीचं हक्काचं क्रेडिट पडून राहिलं असतं.

बिल समोर ठेवून तिला जीएसटी नंबर वाचायला लावला. पंधरा अक्षरांतले पहिले दोन अंक राज्याचे: २७ महाराष्ट्र, २३ मध्य प्रदेश, २२ छत्तीसगड. तिनं बोट ठेवलं ते २२ वर. खाली आयजीएसटी स्पष्ट छापलेला होता, तिची नजर थेट टोटलवर गेली होती. व्हाउचर उघडून तिनंच दोन ओळी काढल्या, आयजीएसटीची एक टाकली, आणि फरक शून्य झाला. तेव्हा कुठे ती खुर्चीत नीट टेकली.

चढवायची उरलेली खर्चाची बिलं तिनं आपणहून दोन गठ्ठ्यांत लावली, २७ ची वेगळी, बाकीची वेगळी. साडेपाचला पुन्हा टेबलाशी आली. "मॅडम, हे २२ वालं आहे, पण यावर सीजीएसटी-एसजीएसटी लागलाय. हे चुकलं का?"

रायपूरच्या हॉटेलचं बिल होतं. चुकलेलं नव्हतं. हॉटेल जिथं, कर त्या राज्याचा, मग गिऱ्हाईक कुठलंही असो. आपल्या व्यापाऱ्याची नोंदणी महाराष्ट्रातली, त्यामुळे हे क्रेडिट त्याला मिळत नाही. टू-बीतही ते 'ITC Not Available' खाली येतं. करासकट सगळी रक्कम प्रवासखर्चात टाकायची. दोन अंकांवरून संशय घ्यायचा, कर मात्र बिलावर छापलेलाच धरायचा, एवढं तिला सांगितलं. तिनं पेन्सिलीनं बिलाच्या कोपऱ्यात 'क्रेडिट नाही' लिहिलं आणि पुढचं बिल घेतलं.