कॅथलॅबमध्ये काम आणि पोटात बाळ: 1 मिलिसिव्हर्टचा हिशोब

एक्स-रेवर बघत हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायच्या कॅथलॅबमध्ये मी काम करते. गरोदरपणाच्या सातव्या आठवड्यात मी आमच्या आरएसओ, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी सरांना लेखी कळवलं. तोंडी सांगून भागत नाही. एईआरबी या अणुऊर्जा नियामक मंडळाची गर्भासाठीची 1 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्गाची मर्यादा कळवल्यापासून बाळंतपणापर्यंतच्या काळाला लागू होते, म्हणून पत्रावर तारीख हवीच. एरवी आमच्यासारख्यांची मर्यादा पाच वर्षांत 100 आणि कुठल्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट असते. मग बाळासाठी एवढी कमी का? हे काम मी पत्करलंय, बाळाने नाही. त्याला सामान्य नागरिकाइतकंच संरक्षण द्यायचं, हा त्यामागचा विचार. 1 ही काही धोक्याची रेषा नव्हे. जन्मजात व्यंगाची भीती साधारण 100 मिलिग्रेच्या, एक्स-रेसाठी तितक्याच मिलिसिव्हर्टच्या, पुढची, म्हणजे कितीतरी लांबची.

खरा प्रश्न मोजायचं कसं हा. छातीवरचा डोस नोंदवणारा टीएलडी बॅज तीन महिन्यांनी वाचला जातो, तोवर फार उशीर होतो. म्हणून सरांनी डोस तिथल्या तिथे दाखवणारा एक डिजिटल पॉकेट डोसिमीटर दिला. तो पोटावर, लेड ॲप्रनच्या आत लावायचा. रोज ड्यूटी संपली की आकडा आणि त्या दिवसाचा फ्लुरो टाइम, म्हणजे एक्स-रे किती वेळ चालू होता ते, वहीत लिहायचा.

पोटावरचा आकडा म्हणजे गर्भाचा डोस नव्हे. डायग्नोस्टिक एक्स-रे पोटाच्या भिंतीत आणि गर्भाशयाच्या स्नायूत बराच शोषला जातो, त्यामुळे साधारण निम्मा धरतात. माझे आठवड्याला सरासरी 14 मायक्रोसिव्हर्ट येत होते. निम्मे 7. उरलेल्या 30 आठवड्यांचे 210, म्हणजे 0.21 मिलिसिव्हर्ट. काम थांबवायची गरज नव्हती. फक्त टेबलाला चिकटून उभं राहायचं काम दुसऱ्यांकडे गेलं. न्यूक्लिअर मेडिसिनमधल्या ताईंना मात्र हा निम्म्याचा हिशोब चालत नाही. टेक्नेशियमचे गॅमा किरण जास्त आत पोचतात, त्यामुळे पोटावर 1.3 मिलिसिव्हर्ट आले तरी आत 1 धरतात. पेट स्कॅनच्या किरणांपुढे तर आपला ॲप्रन जवळपास निरुपयोगी.

एके दिवशी मात्र एकदम 38 मायक्रोसिव्हर्ट दिसले. पोटात गोळाच आला. पण वही काढली, तर फ्लुरो टाइम नेहमीएवढाच आणि एरवी अशा दिवशी आकडा तीनच्या आसपास. म्हणजे बदल डोसिमीटरच्या जागेत असणार. घाईत तो ॲप्रनच्या बाहेरच्या खिशात गेला होता. ॲप्रन किती अडवतो ते फुकटात कळलं! तो आकडा सरांनी खोडला नाही, शेजारी कारण लिहून सही केली.

डोसिमीटर मोबाइलशेजारी ठेवू नका, काही मॉडेलं त्याने भलतेच आकडे दाखवतात. आणि ॲप्रन मागूनही झाकणारा, स्कर्ट-वेस्टचा घ्या, कारण मॉनिटरकडे वळलं की आपली पाठ एक्स-रे ट्यूबकडे होते. सहाव्या महिन्यात वेल्क्रो पुरेना, तेव्हा मोठा साइज मागवावा लागला.