खालच्या बाजूची रेघ

14 ऑक्टोबर 2024. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर मी आणि नववीची अकरा मुलं भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूबनापुढे उभे होतो, बरोबर काहींचे पालकही होते. क्षितिजावर ढगांची पट्टी होती, पण वर आकाश मोकळं होतं. डावीकडे शुक्र, उजवीकडे स्वाती, आणि दोघांच्या मध्ये, जरा वर, त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू. हात लांब करून धरला तर शेपटी चार बोटं भरत होती. एका मुलीची आजी हात जोडून म्हणाली, "शेंडेनक्षत्र हो!"

सकाळी वर्गात याचीच तयारी केली होती. पत्र्याच्या झाकणावर एका बाजूला जांभ्याचा खडा ठेवला, दुसरीकडे कापराच्या चुऱ्यात राख दाबून केलेला गोळा, आणि झाकण उन्हात ठेवलं. दुपारपर्यंत खडा तापला, पण होता तसाच राहिला. कापूर मात्र वितळून ओघळला नाही. तो थेट हवेत उडत गेला आणि त्याच्या आधाराने धरून असलेली राख भुरूभुरू सुटली. पोकळीत बर्फाचंही असंच होतं. दगड आणि धातूचा लघुग्रह म्हणजे जांभ्याचा खडा. बर्फ आणि धूळ यांचा धूमकेतू म्हणजे हा गोळा. सूर्यापासून साधारण 45 कोटी किलोमीटरच्या आत आला की त्याच्यातलं पाण्याचं बर्फ जोरात वाफ होऊ लागतं. काही किलोमीटरच्या गोळ्याचं गुरुत्व ही वाफ धरून ठेवू शकत नाही आणि ती धूळही सोबत ओढून नेते.

बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये, थोड्याशा लांबट कक्षेत, ग्रहांच्याच दिशेने फिरतात. त्यांना एवढा ताप कधी सोसावाच लागत नाही. हा धूमकेतू मात्र सूर्यमालेच्या पार टोकावरून आला होता, तोही ग्रहांच्या उलट दिशेने, आणि 27 सप्टेंबरला सूर्यापासून सहा कोटी किलोमीटरपेक्षाही जवळून गेला होता. अर्थात नुसतं जवळ जाणं पुरत नाही. फेथॉन नावाचा लघुग्रह बुधापेक्षाही आत शिरतो, तरी त्याला दिसते ती सोडियमची अगदी पुसट शेपटी. पाण्याचं बर्फ तिथे उरलेलं नाही.

किनाऱ्यावर एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, "सर, लाँचचा धूर मागे राहतो, तशीच ही शेपटी ना?" त्यांची स्वतःची लाँच आहे, म्हणून प्रश्न अगदी नेमका होता. मी म्हणालो, "नाही दादा. तिथे धूर मागे ठेवायला हवा असते, इथे हवा नाही. बारीक धुळीला सूर्याचा प्रकाश ढकलतो आणि विद्युतभारित वायूला सूर्याकडून येणारा कणांचा झोत. म्हणून शेपटी सूर्याच्या उलट दिशेला. आता धूमकेतू सूर्यापासून लांब निघालाय, तर शेपटीच पुढे आहे." आणि ठासून सांगितलं, "शेपटी सूर्याकडे कधीच दिसणार नाही."

दहाच मिनिटांत कॅमेऱ्यावर पाच सेकंदांचा फोटो काढला. पडद्यावर डोकं खुपसून बसलेली मुलगी म्हणाली, "सर, खालीपण आहे."

खरंच होती. धूमकेतूच्या डोक्यापासून क्षितिजाकडे, बुडालेल्या सूर्याच्या दिशेने, केसासारखी सरळ बारीक रेघ. डोळ्यांना दिसत नव्हती. पहिली शंका भिंगातल्या परावर्तनाची. ती तपासायला धूमकेतू चौकटीच्या मध्यावरून कोपऱ्यात घेतला, मग कॅमेरा आडवा फिरवला. भिंगातला दोष असता तर रेघेची जागा आणि दिशा बदलली असती. ती प्रत्येक फोटोत डोक्यालाच चिकटून, तशीच सूर्याकडे होती.

उत्तर मला तिथे उभ्याउभ्या सुचलं नाही, रात्री घरी सापडलं. प्रकाश ढकलतो तो मुख्यतः बारीक कणांना. वाळूच्या कणाएवढी जड धूळ त्याला फारशी दाद देत नाही. आधीच्या आठवड्यांत आणि महिन्यांत सुटलेले हे कण धूमकेतूच्या कक्षेच्याच प्रतलात, मागे मागे, पातळ थर होऊन पसरले होते. धूमकेतू बाहेर निघाल्यावर त्यांचा काही भाग आपल्या दृष्टीने सूर्याच्या बाजूला दिसतो. एरवी हा थर इतका विरळ की नजरेत भरत नाही. पण त्या सुमारास पृथ्वी नेमकी त्या प्रतलातून जात होती, म्हणून थर काठावरून दिसत होता. सगळी धूळ एका रेषेत जमा झाल्यासारखी, म्हणून उजळ.

दुसऱ्या दिवशी आधी मुलांना सांगितलं की माझं कालचं ठाम वाक्य अपुरं होतं. सूर्याने ढकललेली शेपटी सूर्याकडे नसते, एवढंच खरं. मग त्या मुलीच्या हातात ट्रेसिंग पेपर दिला आणि डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरायला लावला. ती म्हणाली, "गडद रेघ दिसतेय." मग तिने कागद हळूहळू कलता केला. रेघ रुंद झाली, फिकी झाली, आणि कागदापलीकडचा फळा दिसू लागला. तिने कागद पुन्हा आडवा केला, पुन्हा कलता केला, आणि तास संपेपर्यंत तो कुणाला द्यायला तयार नव्हती.