लॉगर अपडेट: ४५ च्या वरचे दिवस आणि pmm चा हट्ट

मागच्या पोस्टमध्ये म्हटलं होतं की आता फक्त गाळलेल्या जागा भरायच्या आणि मे महिन्याचा आलेख टाकायचा. आलेख अजून टाकलेला नाही. रावेरच्या उघड्या शेतात दिवसाचं कमाल तापमान नोंदवणारा माझा लॉगर काही दिवस बंद पडतो, त्या गाळलेल्या जागांनी सगळा वेळ खाल्ला, पण त्यातून जे हाती आलं ते आलेखापेक्षा कामाचं आहे.

आधी चांगली बातमी. जाळीच्या पेटीत लॉगरच्या शेजारी पाऱ्याचा यू-नळीचा मॅक्स-मिन थर्मामीटर टांगला. याला ना सेल लागतो ना वायफाय. दुपारी लॉगर मेला तरी लोखंडी खूणकाठी कमाल तापमानाला अडकून बसते आणि संध्याकाळी जाऊन वाचता येते. जे दिवस दोघांनीही नोंदवले त्यांत आकडे अंशाच्या आत जुळतात. म्हणजे लॉगर गप्प होता त्या दिवशी खरं काय झालं हे पहिल्यांदाच माझ्याकडे आहे. भरलेली किंमत बरोबर की चूक, हे आता अंदाजाने बोलायची गरज नाही.

लॉगर का मरतो, यावर आधी बरीच चर्चा झाली आहे. ऊन वाढलं की कूलर आणि पंप एकदम चालतात, डीपीवर लोड येतो, लाईट जाते. मग सगळा भार १८६५० सेलवर पडतो, आणि तो सेल इतका थकलेला आहे की ईएसपी-३२ ने वायफायवर पाठवायला सुरुवात केली की व्होल्टेज कोसळतं. सिरियलवर `Brownout detector was triggered` दिसतं आणि खेळ संपतो. सेल नवा म्हणून विकला होता. दुकानाचं नाव घेत नाही, पण वजन करून पाहिलं असतं तर तिथेच कळलं असतं, इतका तो हलका आहे. मुद्दा एवढाच की जागा वाटेल तेव्हा रिकाम्या पडत नाहीत, नेमक्या तापलेल्या दिवशीच पडतात.

थर्मामीटर लावल्यानंतरचे दहा दिवस खाली देतो. हिशोब हातानेही करता यावा म्हणून पूर्ण अंशात गोल केलेत आणि तारखेऐवजी चढत्या क्रमाने मांडलेत, फक्त लॉगर गप्प होता ते तीन दिवस शेवटी ठेवलेत. `yawal` म्हणजे यावलच्या मित्राचा लॉगर. तो केळीच्या बागेत आहे म्हणून थंड दिसतो, पण त्याच्याकडे सोलर पॅनल असल्यामुळे एकही दिवस चुकलेला नाही. `u` म्हणजे यू-नळी.

```
yawal <- c(38,39,39,40,40,41,41,42,43,42)
raver <- c(40,41,42,42,43,43,44,NA,NA,NA)
u     <- c(40,41,42,42,43,43,44,45,46,44)
d     <- data.frame(yawal, raver)
```

खरी सरासरी ४३.०. रिकाम्या ओळी सरळ काढून टाकल्या तर उरलेल्या सात दिवसांची सरासरी ४२.१ येते. जवळजवळ एक अंश गेला, आणि तो नेहमी खालच्याच बाजूला जाणार, कारण काढलेले दिवस सगळे गरम होते. दिवस वाढवले तरी ही चूक भरून निघत नाही.

पण ओळी काढण्याला मी पूर्वीइतक्या शिव्या घालणार नाही. यावलवरून रावेर काढायच्या रेषेचा उतार खऱ्या दहा दिवसांवर १.११ आहे आणि सात दिवसांवर १.१२. म्हणजे सरासरी बिघडली, नातं टिकलं. ओळी गळणं यावलच्या तापमानावर अवलंबून असेल, तर यावल दिल्यानंतरचा रावेर तसाच राहतो. गरम टोकाकडे फक्त ठिपके कमी पडतात. तुम्हाला दोन ठिकाणांमधला संबंधच हवा असेल तर ओळी काढूनही काम भागेल. फक्त सलग गरम दिवस मोजायचे असतील तर `na.omit` नंतर मोजू नका. मधली तारीख उडाली की सोमवार बुधवारला जाऊन चिकटतो, आणि फळपीक विम्यात नेमके सलग दिवसच बघतात.

सरासरी भरणं मात्र या ठिकाणी सगळ्यात वाईट ठरलं. तीनही जागी ४२.१ टाकलं तर सरासरी तीच चुकीची ४२.१ राहते, वर प्रमाण विचलन १.८३ वरून १.१० वर येतं. यावलशी सहसंबंध ०.९६ होता, तो ०.५३ होतो, आणि उतार १.११ वरून ०.३७. कारण उघड आहे. यावलला ४३ होतं त्या दिवशी आपण रावेरला ४२.१ लिहिलं, म्हणजे सगळ्यात गरम दिवशी बाग उघड्या शेतापेक्षा जास्त तापली असं वहीत नोंदवलं. मोकळ्या रानात मे महिन्यात उभा राहिलेला कोणीही यावर हसेल. पायथनच्या scikit-learn मधल्या `SimpleImputer` मध्ये `mean` हा डिफॉल्ट आहे, म्हणून ते इतकं सर्रास होतं.

आता ज्याने डोकं खाल्लं ते. मॉडेलने भरायचं म्हणून आर मध्ये `mice` हे पॅकेज चालवलं, काही न बदलता. रिकाम्या जागा दर वेळी नव्याने भरून वीस प्रती काढल्या आणि ४५ किंवा त्याहून वरचे दिवस मोजले. शून्य. वीसच्या वीस प्रतींत शून्य, जेव्हा यू-नळी म्हणते दोन. सीड बदलला, शून्य. प्रती वाढवल्या, शून्य. मित्राचं मत, "काय भो, तुझं मॉडेल सावलीत बसलंय का?"

उत्तर डिफॉल्ट पद्धतीत होतं. आकड्यांच्या स्तंभासाठी `mice` मुळात `pmm` वापरतं. ही पद्धत आधी रेषेवरून अंदाज काढते, मग त्या अंदाजाच्या जवळचे पाच नोंदवलेले दिवस शोधते आणि त्यांतल्या एकाची खरी किंमत उचलून रिकाम्या जागी ठेवते. एरवी हा मोठा गुण आहे. पाऊस कधी उणे येत नाही, आर्द्रता १०० च्या वर जात नाही. पण माझ्याकडे नोंदवलेली सगळ्यात मोठी किंमत ४४ आहे. उसनं देणाऱ्यांकडेच ४४ च्या वर काही नसेल तर ४५ येणार कुठून? आतली रेषा बिचारी ४५.८ म्हणत होती, `pmm` तिला ४१ ते ४४ मधला दिवस देत होतं. ओळखायची खूण सोपी आहे: भरलेल्या किमतींचा कमाल आकडा नोंदवलेल्या कमाल आकड्यावरच अडकलेला दिसला आणि तुमचा प्रश्न टोकाचाच असला, तर पद्धत बदला.

नुसती रेषा वापरली तर तीन जागी ४४.७, ४५.८ आणि ४४.७ येतात. सरासरी ४३.०, खऱ्याला चिकटून. विचलन १.८१, तेही छान. इथे मी खूश होऊन चहा घेतला. मग ४५ चे दिवस मोजले. दशांश तसेच ठेवले तर एक दिवस, गोल करून मोजले तर तीन. खरे दोन. भरलेले तिन्ही ठिपके बरोबर रेषेवर बसतात, इकडेतिकडे हलत नाहीत, म्हणून सीमेजवळचे दोन्ही दिवस एकतर एकदम पार होतात नाहीतर एकदम राहतात. सहसंबंधही ०.९६ चा ०.९७ होतो. इथे फरक किरकोळ वाटतो, पण मित्राचा लॉगर लांब असता आणि ठिपके जास्त विखुरलेले असते, तर ही फुगवणूक डोळ्यात भरली असती.

म्हणून शेवटी `norm`. ही पद्धत रेषेभोवतीचा विखुरलेपणाही टाकते, आणि सात दिवसांवर काढलेली रेषा स्वतःच किती डळमळीत आहे हेही प्रत्येक प्रतीत नव्याने धरते.

```
imp <- mice(d, m = 20, method = "norm", printFlag = FALSE)
sapply(complete(imp, "all"), function(z) sum(z$raver >= 44.5))
```

मूळ नोंदी पूर्ण अंशात आहेत म्हणून सीमा ४४.५. बहुतेक प्रती एक ते तीन म्हणतात, एखादी शून्य, सरासरी दोनच्या आसपास. यातला विस्तार मला सरासरीइतकाच आवडला. सात दिवसांवरून इतकंच सांगता येतं, आणि एका प्रतीवरून आलेख काढला असता तर ते दिसलंच नसतं. scikit-learn च्या `IterativeImputer` वाल्यांनी `sample_posterior=True` लावावं, नाहीतर तो नुसती रेषाच देतो.

एक गाठ अजून सुटलेली नाही. यावल ४१ च्या वर असताना रावेर चालू होता असा एकही दिवस या दहात नाही. म्हणजे ४२ आणि ४३ ला रेषा पुढे ओढलेली आहे, मोजलेली नाही. पाणी दिलेली केळीची बाग कोरड्या उन्हात पानांतून बाष्प सोडून स्वतःला थंड ठेवते, त्यामुळे टोकाला दोघांतलं अंतर वाढत असेल तर रेषा वाकायला हवी. शिवाय लॉगर डीपीमुळे नाही तर पेटीतल्या गरमीमुळे मरत असेल, तर रिकामी जागा त्याच किमतीवर अवलंबून आहे जी आपल्याला माहीत नाही. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिनने १९७६ मध्ये वेगळी काढलेली हीच ती अडचणीची जात, आणि यावल कितीही अचूक असला तरी ती एकट्या त्याच्याने सुटत नाही.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. लॉगर दर दहा मिनिटांनी लिहितो. मरायच्या आधीची शेवटची नोंद फाईलमध्ये आहेच. दुपारी दोनला ४४.८ लिहून तो गप्प झाला असेल, तर त्या दिवसाची कमाल ४४.८ पेक्षा कमी असूच शकत नाही. जागा पूर्ण रिकामी नाहीच, तिला तळ आहे! मग प्रत्येक रिकाम्या दिवसाला स्वतःचा तळ द्यायचा आणि त्याच्या खाली आलेली किंमत टाकून पुन्हा उचलायची. `mice` च्या `post` मध्ये `squeeze` आहे, पण तो खाली गेलेल्या सगळ्या किमती तळावरच आणून ठेवतो, तिथे ढीग होतो. पुन्हा उचलण्याचं लूप हातानेच लिहावं लागेल. यू-नळी नव्हती त्या जुन्या उन्हाळ्यांनाही हे लागू होतं, कारण शेवटची नोंद तेव्हाही होती.

त्यामुळे आलेख अजून लांबला. आधी हे लूप, आणि सेल या आठवड्यात बदलतो, म्हणजे यावल ४२ असताना रावेर जिवंत असलेले दिवस मिळतील आणि रेषा वाकते का ते दिसेल. भुसावळ किंवा सावद्याकडे कोणाचा उघड्या जागेतला, न तुटलेला लॉगर असेल तर मे महिन्याची फाईल द्या. बागेतल्या एका सोबत्यापेक्षा बाहेरचा दुसरा स्तंभ जास्त उपयोगी पडेल.