बंड्याची वही

बंड्या घरी आला तेव्हा आई म्हणाली, "मांजराला कसला आलाय खर्च? उरलेला दूधभात खाईल." बंड्याने दूधभात हुंगला आणि पाठ फिरवली. त्या दिवसापासून मी त्याच्या खर्चाची वही सुरू केली.

चार किलोचा बोका दिवसाला साधारण पन्नास-पंचावन्न ग्रॅम कोरडं खाणं खातो, म्हणजे वर्षाला वीस किलो. चारशे रुपये किलोने आठ हजार. एक दिवसाआड ओल्या खाण्याचं पाकीट, त्याचे आणखी तितकेच. त्याच्या शी-शूच्या ट्रेमधल्या मातीला महिन्याला साडेपाचशे-सहाशे. (पैसे देऊन माती विकत घेणारं घराण्यातलं मी पहिलंच माणूस.) लसी, जंताचं औषध, डॉक्टरांची फी मिळून तीन हजार. बेरीज पंचवीस-सव्वीस हजार. मी खूश होऊन खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या वर्षी त्या रेघा खोडाव्या लागल्या. एका रविवारी बंड्या सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, जोर करायचा आणि तसाच बाहेर यायचा. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. "एरंडेल दे," आई म्हणाली. दिलं नाही, हे नशीब. संध्याकाळी ट्रे साफ करायला घेतला तर खोऱ्यात एकही गुठळी आली नाही. ही माती लघवीने भिजली की तिचे गोळे होतात, आणि सकाळपासून गोळाच नव्हता.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. मूत्राशय संत्र्याएवढं टणक झालेलं. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, बारीक खडे आणि चिकट स्राव यांचं बूच बसलं की लघवी तुंबते. मग रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. एक-दोन दिवसांत खेळ संपतो. "सकाळपर्यंत थांबला असता तर..." एवढंच म्हणून ते कामाला लागले. भूल, नळी, सलाइन, रक्ततपासण्या, सोनोग्राफी, तीन रात्री मुक्काम. बिल साडेअठरा हजार. वर्षभराचं खाणं-पिणं एकत्र केलं तरी त्याहून कमी!

त्यातही खरी मेख पुढे होती. आता त्याला लघवीच्या आजाराचं खास खाणं लागतं, ते दुपटीहून महाग. म्हणजे आणीबाणी एकदाच येऊन गेली, पण वहीत मात्र कायमची राहायला आली.

आता दर महिन्याला दीड हजार वेगळ्या खात्यात जातात, बंड्या ठणठणीत असला तरी. वर्षाचे अठरा हजार होतात. एका बिलापुरते जेमतेम, पण रविवारी रात्री कुणापुढे हात पसरावा लागत नाही. आणि वहीत एक नवा रकाना आलाय : गुठळ्या. तो आईच्या ताब्यात आहे. चष्मा लावून, नाकाला पदर धरून ती रोज सकाळी मोजते आणि स्वयंपाकघरातून ओरडते, "तीन!"