पान १६१ची तळटीप

अहवाल १८६ पानांचा होता आणि सकाळी साडेदहाला माझ्या टेबलावर आला. वर चिकटवलेल्या चिठ्ठीत एवढंच होतं: साडेचारला बैठक आहे, मॅडमना त्याआधी एक पान हवं. विषय एका जुन्या नदीपुलाच्या तपासणीचा. स्लॅबखाली भेगा दिसतात, जड गाडी गेली की पूल थरथरतो, अशा तक्रारी आल्या होत्या. त्यावरून सल्लागार नेमले, त्यांनी तपासणी केली आणि आता मॅडमना ठरवायचं होतं की जड वाहनं बंद करायची की नाही.

असा अहवाल मी पहिल्या पानापासून वाचत नाही. आधी सल्लागारांना नेमकं काय तपासायला सांगितलं होतं ते पाहतो, मग त्यांनी कुठे हात टेकले ते, म्हणजे 'मर्यादा' हे प्रकरण, मग शिफारशी. सुरुवातीचा कार्यकारी सारांश सगळ्यात शेवटी. तो वाईट लिहिलेला असतो म्हणून नव्हे. तो आधी वाचला की पुढचं सगळं त्याच्याच चष्म्यातून दिसायला लागतं, एवढंच कारण.

त्या दिवशी मात्र घाई होती आणि मी सारांशच आधी वाचला.

सारांश नीटनेटका होता. काँक्रीटचे कोअर, म्हणजे भोक पाडून काढलेले गोल नमुने, तपासले, ताकद पुरेशी. भेगा केसासारख्या बारीक, मान्य मर्यादेच्या आत. भरलेले ट्रक पुलावर उभे करून भारचाचणी घेतली. स्लॅब जितका वाकायला हवा तितकाच वाकला आणि वजन काढल्यावर जवळजवळ पूर्ण पूर्वपदावर आला. बेअरिंग जुनी झाली आहेत, बदलावीत. आणि शेवटून दुसरी ओळ: "खांब क्र. ४च्या पायथ्याशी मध्यम स्वरूपाची झीज आढळली. नियमित देखरेख ठेवावी."

बारापर्यंत माझा पहिला मसुदा तयार झाला. पूल एकूण समाधानकारक, जड वाहनांना हरकत नाही, बेअरिंग बदलण्याचा प्रस्ताव करावा, खांब ४ची देखरेख करावी. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. प्रत्येकाशेजारी मी पेन्सिलने अहवालाचा पानक्रमांक लिहिला, ही माझी जुनी सवय. ज्या ओळीला पान सापडत नाही ती ओळ माझ्या डोक्यातून आलेली असते, आणि ती खोडायची.

खांब ४च्या ओळीचं पान शोधताना मी परिशिष्ट सातपाशी पोचलो. पाणबुड्यांनी केलेली तपासणी. काँक्रीटच्या चाचण्यांना अहवालात ९० पानं दिली होती, या तपासणीला दोन. कोअर, आलेख आणि फोटो यांची पानं आपोआप वाढतात. गढूळ पाण्यात हाताने चाचपून केलेल्या तपासणीचे फोटो तरी काय निघणार?

पान १६१वर तक्ता होता. खांब ४चा पाया उथळ, मूळ नदीतळापासून २.४ मीटर खोल. प्रवाहाच्या वरच्या बाजूला खड्डा, खोली १.२ मीटर. शेवटच्या रकान्यात उरलेली माती: १.२ मीटर. याला म्हटलं होतं मध्यम झीज. तक्त्याखाली बारीक अक्षरात तळटीप: "मोजणी कमी पाण्याच्या काळातील. खड्ड्याच्या तळाशी सैल गाळ."

खांबाला पाणी आदळलं की ते खाली वळतं, पायथ्याशी भोवरे तयार होतात आणि माती उकरून नेतात. याला आम्ही स्कावर म्हणतो. यातली फसवी गोष्ट अशी की खड्डा सर्वांत खोल असतो तो पूर ऐन भरात असताना. पाणी ओसरू लागलं की वरून वाहत आलेला गाळ तोच खड्डा पुन्हा भरतो. नंतर शांत पाण्यात कोणी उतरलं तर त्याला उथळ खळगा दिसतो. भरलेला गाळ सैल असतो. तो पायाला मूळ तळासारखा आधार देत नाही आणि पुढच्या पुरात सगळ्यात आधी तोच निघून जातो.

तेव्हा प्रश्न असा की १.२ मीटर ही खोली गाळाच्या वरपर्यंतची होती की खालपर्यंतची? तक्त्यात ते नव्हतं.

मी सल्लागारांना फोन लावला. अहवालावर सही करणारे साहेब बैठकीत होते, पण पाणबुड्यांच्या तुकडीबरोबर गेलेला तरुण अभियंता भेटला. त्याला दिवस आठवत होता.

"गाळाच्या वरपर्यंतची आहे सर. सळई दाबून पाहिली होती आम्ही. हातानेच अजून सत्तर सेंटीमीटर खाली गेली, मग कडक लागलं."

"हे अहवालात का नाही?"

"फील्डबुकात आहे. तक्त्यात मोजलेली खोली द्यायची पद्धत आहे, म्हणून ती दिली."

१.२ आणि ०.७, म्हणजे १.९. पाया २.४वर. उरलेली घट्ट माती अर्धा मीटर. तक्ता म्हणत होता १.२.

मी त्याला हे ईमेलने लिहून पाठवायला सांगितलं, फील्डबुकाच्या पानाच्या फोटोसह. फोनवरचं बोलणं टिपणात घालायचं असेल तर ते अहवालातलं नाही हे टिपणात दिसलं पाहिजे. नाहीतर उद्या कोणी अहवाल उघडून पाहील, त्याला तिथे १.२ दिसेल आणि अख्खं पान खोटं ठरेल.

ईमेल पावणेदोनला आला. तोवर माझ्या लक्षात दुसरी गोष्ट आली होती आणि ती जास्त अडचणीची होती. मॅडमचा प्रश्न जड वाहनांचा होता. अहवालानेही त्याचंच उत्तर दिलं होतं, आणि ते बरोबर होतं: स्लॅब ट्रक पेलतो. पण स्लॅब, तुळया आणि खांब यांच्याच वजनापुढे ट्रकचं वजन थोडं. पायाखालची माती गेली तर रिकामा पूलही बसेल. भारचाचणी तर पाणी कमी असताना, कोरड्या स्लॅबवर घेतलेली; खड्ड्याबद्दल ती काही सांगत नाही. म्हणजे जड वाहनं बंद केली तरी हा धोका जवळपास तसाच राहणार होता. वर काहीतरी केल्याचं समाधान मिळणार, ते वेगळंच. पूल बंद करायचा की नाही हे गाडीच्या वजनावर ठरवून उपयोग नव्हता, ते पाण्याच्या पातळीवर ठरवायला हवं होतं.

मसुदा फाडला. दुसऱ्या मसुद्यात मी उलट्या बाजूला घसरलो. अहवालाच्या पार्श्वभूमीच्या प्रकरणात न्यूयॉर्क राज्यातल्या स्कोहारी क्रीक पुलाचा उल्लेख होता: एप्रिल १९८७, पूर, उथळ पाया, संरक्षणाला टाकलेले दगड वाहून गेलेले, खांब कोसळून १० जणांचा मृत्यू. मी तो पहिल्याच परिच्छेदात घातला. वाचून पाहिलं तर पान ओरडत होतं. आपल्या हातात होती फक्त एका सळईची मोजणी, तीही एकाच जागी. साम्य खरं होतं, पण त्या उदाहरणाने वाचणाऱ्याच्या मनात निष्कर्ष आधीच पक्का केला असता आणि मोजणी किती कच्ची आहे हे मागे पडलं असतं. उदाहरण काढलं.

'समाधानकारक' आणि 'मध्यम' हे शब्दही काढले. ते सल्लागारांच्या श्रेणीतले होते आणि त्या श्रेणीचा तक्ता पान २२वर. मॅडम पान २२ पाहणार नव्हत्या. शब्द काढला की त्या जागी आकडा घालावा लागतो, आणि आकडा घालताना आपल्याला तो खरंच माहीत आहे का ते कळतं.

साडेतीनला पान तयार झालं. वरचा भाग असा होता:

"निर्णय हवा: पाण्याची ठरावीक पातळी ओलांडल्यावर पूल सर्व वाहनांसाठी बंद करावा का?

कारण: खांब ४च्या पायाच्या तळाच्या वर घट्ट माती सुमारे ०.५ मी. उरली असावी. अहवालातील आकडा १.२ मी. आहे (पान १६१), मात्र तो सैल गाळ धरून आहे. गाळाची खोली सल्लागारांनी आज ईमेलने कळवली. प्रत जोडली आहे. मोजणी एकाच जागची आहे. पुरात खड्डा किती वाढेल हे अहवालातून सांगता येत नाही.

जड वाहने: स्लॅबच्या दृष्टीने हरकत नाही (पान ८८). जड वाहने बंद केल्याने वरील धोका कमी होत नाही.

आता करायचे: (१) बंद करण्याची पातळी सल्लागारांनी ७ दिवसांत लेखी द्यावी, ती खांबावर रंगवावी. (२) खांब ४भोवती सर्व बाजूंनी फेरमोजणी, गाळाखालच्या कडक तळापर्यंत. (३) फेरमोजणीनंतर फिल्टर थरासह दगडी पिचिंगचा आराखडा.

थांबू शकते: बेअरिंग बदलणे."

खाली चार ओळींत भेगा आणि कोअर. ९० पानांच्या चार ओळी झाल्या याचं मला वाईट वाटलं. कोणीतरी त्यासाठी पुलाखाली लटकून दिवस काढले होते. पण तक्रार भेगांचीच होती, म्हणून त्या ओळी पूर्ण गाळल्या नाहीत. भेगांचं काय झालं हा प्रश्न बैठकीत कोणी ना कोणी विचारणारच.

फिल्टर थराचा शब्द ठेवावा की नाही यावर मी बराच वेळ अडलो. तो तांत्रिक शब्द, अधिकाऱ्याला कशाला? पण नुसतं 'दगड टाकावेत' लिहिलं तर नुसते दगडच पडतात. त्यांच्या फटींतून खालची माती पाण्याबरोबर निघून जाते आणि दगड हळूहळू त्याच खड्ड्यात बसतात. शब्द ठेवला.

मॅडमनी पान उभ्याउभ्याच वाचलं. 'असावी' या शब्दाखाली बोट ठेवून विचारलं, "हे असावी का, आहे का नाही?"

"एका सळईवरून 'आहे' लिहिता येत नाही, मॅडम."

त्यांनी मान हलवली, तिन्ही मुद्द्यांसमोर बरोबरच्या खुणा केल्या आणि पहिल्या मुद्द्यापाशी थांबल्या. मग समासात लाल पेनाने एक ओळ लिहिली आणि पान माझ्याकडे परत दिलं.

"रात्री ही खूण कोण पाहणार?"

खांबावर रंगवलेली रेघ अंधारात, पावसात, गढूळ पाण्याच्या वर कोणाला दिसणार, हे मी दिवसभरात एकदाही मनात आणलं नव्हतं. अहवालातही कुठे नव्हतं. बैठकीला वीस मिनिटं होती. मी पहिल्या मुद्द्यात प्रकाशझोत आणि चोवीस तास नेमलेला माणूस घातला, जागा करण्यासाठी कोअरची एक ओळ उडवली आणि पान पुन्हा छापायला दिलं.