कोणता आवाज थांबला?

"मॅडम, डेफनिंग सायलेन्स म्हणजे काय? शांततेनं कान कसे बधिर होतील? आणि लेखक मुद्दाम असं चुकीचं कशाला लिहितात?"

दरवर्षी अकरावीच्या वर्गात कुणीतरी हे विचारतंच. "ऑक्सिमोरॉन म्हणजे आपला विरोधाभास" एवढं सांगून मी कित्येक वर्षं सुटका करून घेतली. ते अर्धंच खरं आहे. विरोधाभास अख्ख्या वाक्यात पसरला तरी चालतो. ऑक्सिमोरॉनमध्ये न पटणारे दोन शब्द एकाच बाकावर खेटून बसवलेले असतात. तो शब्द स्वतःही तसाच आहे. ग्रीकमध्ये 'ऑक्सिस' म्हणजे धारदार आणि 'मोरॉस' म्हणजे बोथट, मठ्ठ.

हे मला तेव्हाही पाठ होतं. तरीही कसब्यातल्या त्या मुलीच्या वहीत मी लाल रेघ मारली.

निबंध होता घरातल्या एका सकाळीबद्दल. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती, घराच्या अगदी खाली. जन्मापासून ती त्या घरघरीत झोपली, अभ्यास केला, जेवली. वडील गेले आणि गिरणी बंद झाली. दुसऱ्या दिवशी, रोज गिरणी सुरू व्हायच्या वेळी, तिला जाग आली. तिनं इंग्रजीत लिहिलं होतं की, डेफनिंग सायलेन्सनं मला उठवलं. मी समासात लिहिलं, 'शांतता बधिर कशी करेल? कम्प्लीट सायलेन्स लिही.' आणि अर्धा गुण कापला.

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. रडत वगैरे नव्हती. म्हणाली, "मॅडम, कम्प्लीट म्हणजे पूर्ण ना? पण पूर्ण नव्हती. पंखा चालू होता. वर आजी खोकत होती."

मी म्हटलं, "मग शांतता नव्हतीच." केवढी हुशारी! ती "बरं" म्हणून गेली. वर्षभर तिच्या निबंधात पुन्हा असं काही आलं नाही. सगळं बिनचूक असायचं.

आता माझी बाजू. सत्तर वह्या होत्या, आणि 'डेफनिंग सायलेन्स' तेव्हाही गुळगुळीत झालेलं होतं. परीक्षक ते वाचून पुढं सरकतो. हे मी आजही म्हणेन. पण मी समासात 'गुळगुळीत' असं लिहिलं नव्हतं, 'चूक' या अर्थानं लिहिलं होतं. आणि चूक माझी होती.

तिचं म्हणणं पाहा. पंख्याचा आवाज होता, खोकल्याचा होता, म्हणजे कानावर आवाज येत होते. तरी ते तिच्यापर्यंत पोचत नव्हते, कारण एक ठरावीक आवाज नव्हता. मोठ्या आवाजात बाकीचं ऐकू येत नाही, तसं न आलेल्या आवाजात बाकीचं ऐकू येईना. 'डेफनिंग' हे शांततेचं माप नाहीच, ते तिच्या कानाचं वर्णन आहे. 'कम्प्लीट' लिहिलं असतं तर वाक्य सुबक झालं असतं आणि खोटं झालं असतं.

मिल्टनचं उदाहरण मी दरवर्षी वर्गात देते. त्याचं 'पॅरडाइज लॉस्ट' हे महाकाव्य 1667 चं. त्याच्या नरकात ज्वाळा आहेत, पण त्यांना उजेड नाही. आहे तो 'डार्कनेस व्हिजिबल', दिसणारा अंधार, आणि त्यात दिसतं ते फक्त दुःख. साधा 'गडद अंधार' लिहिला असता तर तिथं पडलेल्यांना काहीच दिसलं नसतं आणि ते सुटले असते. दिसावं, पण उजेड मिळू नये, हीच तर शिक्षा. एका शब्दात ती मावत नाही म्हणून दोन शब्द एकमेकांशी भांडायला लावले. हे मी फळ्यावर लिहून समजावत होते आणि गिरणीच्या वाक्यात मला ते दिसलं नाही.

उलट बाजूही आहे, नाहीतर मुलं सरसकट 'गरम बर्फ' लिहायला लागतात. शेक्सपिअरचा रोमिओ पहिल्याच प्रवेशात 'कोल्ड फायर', 'सिक हेल्थ' अशी माळच लावतो. तेव्हा ज्युलिएट त्याला भेटलेलीही नसते. हे सगळं रोझालिन नावाच्या दुसऱ्याच मुलीसाठी चाललेलं असतं. मला तरी ती रास मुद्दाम रचलेली वाटते. प्रेमापेक्षा प्रेमात पडल्याचा थाटच त्यातून जास्त दिसतो.

मग कापायचं कधी आणि ठेवायचं कधी? हल्ली मी समासात एवढंच विचारते, 'कोणता आवाज थांबला?' परवा एका मुलानं सिंहगडाच्या सहलीच्या निबंधात डेफनिंग सायलेन्स लिहिलं होतं. त्याला बोलावून तेच विचारलं. तो म्हणाला, "कुठलाच नाही मॅडम, छान वाटलं म्हणून लिहिलं."

मी रेघ मारली. मग वाटलं, हा खरं सांगत नसेल तर? अर्धा गुण पेन्सिलीनं कापलाय. वही अजून टेबलावरच आहे.