डिलीट करा म्हणण्याआधी

"क्लबच्या सभेची चुकीची नोटीस सगळ्यांना गेली, तर 'ती डिलीट करा, तारीख धरू नका' असा मेसेज नेमका कसा लिहायचा? जुनी तारीख त्यात परत लिहायची की टाळायची?"

लिहायची. पण एकदाच, आणि मेसेजच्या सुरुवातीला नाही.

बरेच सचिव जुनी तारीख टाळतात. ती पुन्हा दिसली तर गोंधळ वाढेल असं त्यांना वाटतं. मग मेसेज जातो, 'आधीची नोटीस कृपया डिलीट करावी.' आता आधीची म्हणजे कोणती? सदस्याच्या फोनवर वर्गणीची आठवण आहे, गेल्या महिन्याच्या कार्यक्रमाचं पत्रक आहे आणि सभेची नोटीसही आहे. कोणी भलतंच डिलीट करतं, बहुतेक जण काहीच करत नाहीत. रद्द झालेला कागद कोणता हे ओळखायला दोन खुणा लागतात: तो कधी पाठवला आणि त्यात सभेची कोणती तारीख होती. या दोन्ही दिल्या की प्रश्न उरत नाही.

दुसऱ्या टोकाला तारीख अगदी पुढे ठेवणारे सचिव असतात. 'रविवार दि. १५ जून रोजी सायंकाळी ५ वाजता होणारी वार्षिक सर्वसाधारण सभा काही अपरिहार्य कारणास्तव होणार नाही.' व्याकरणात खोट काढायला जागा नाही, पण मराठीत नकार वाक्याच्या शेपटीला येतो आणि फोनच्या पडद्यावर वाक्याचं फक्त तोंड दिसतं. सदस्य कामात असतो, वरच्या पट्टीवर '१५ जून, सायंकाळी ५, वार्षिक सर्वसाधारण सभा' एवढं वाचतो आणि फोन बाजूला ठेवतो. चुकीची तारीख तुम्हीच त्याच्या डोक्यात पक्की केलेली असते. म्हणून पहिला शब्द 'रद्द' हवा. 'महत्त्वाची सूचना', 'सस्नेह नमस्कार', 'सर्व सन्माननीय सदस्यांस' हे सगळं त्याच्यानंतर, किंवा नसलं तरी चालेल. ईमेलच्या विषयाची ओळही याच नियमाने लिहायची. जुन्याच मेलला उत्तर म्हणून दुरुस्ती पाठवली तर वर जुना विषय तसाच राहतो, त्यामुळे तो बदलायचा.

एवढ्यावर मेसेज लिहून होतो, पण खरी अडचण शब्दांत नसते, दिवसांच्या हिशेबात असते. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो.

समजा, कार्यकारिणीने वार्षिक सभा २२ जूनला घ्यायचं ठरवलं. कार्यालयात आधीच्या चर्चेच्या वेळचा एक मसुदा पडून होता, त्यात १५ जून लिहिलं होतं. दोन्ही फायलींचं नाव 'सभा नोटीस'. ३१ मेला चुकून मसुदा गेला. दोन्ही दिवस रविवारच, त्यामुळे वार आणि तारीख जुळत होती आणि चूक डोळ्यांत भरली नाही. (वार चुकला असता तर पहिल्याच तासात कोणीतरी फोन केला असता.) अखेर ८ जूनला सकाळी एका सदस्याने विचारलं, कार्यकारिणीत तर २२ ठरली होती ना?

अशा वेळी हात आपोआप लिहून जातो, '१५ जूनऐवजी २२ जून वाचावे.' तिथेच थांबायला हवं. बऱ्याच क्लबांच्या नियमावलीत सर्वसाधारण सभेसाठी अमुक इतके पूर्ण दिवस आधी नोटीस द्यावी असं असतं. या क्लबात ते १४ धरू. पूर्ण दिवस मोजताना नोटीस दिली तो दिवस सोडायचा आणि सभेचा दिवसही सोडायचा. ८ जूनला बरोबर नोटीस दिली, तर ९ पासून २१ पर्यंत भरतात १३ दिवस. एक कमी. हीच नोटीस आदल्या रात्री, ७ तारखेला गेली असती तर हिशेब बरोबर बसला असता. त्यातही ईमेल पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी पोचला असं समजावं अशी तरतूद काही नियमावल्यांत असते, तेव्हा आणखी एक दिवस खाली येतो.

'नोटीस तर ३१ मेलाच मिळाली होती, आपण फक्त तारीख दुरुस्त केली,' हा युक्तिवाद मी बऱ्याच सचिवांकडून ऐकलाय. मला तो पटत नाही. सदस्याला २२ तारखेची सभा ८ जूनला कळली, तोवर त्याच्या हातात दुसऱ्याच दिवसाचं बोलावणं होतं. निवडणुकीत हरलेल्या एखाद्याने हा एक दिवस मोजून दाखवला, तर तोंड उघडायला जागा राहत नाही. त्यामुळे ८ जूनच्या मेसेजमध्ये २२ हा आकडा येताच कामा नये. त्या दिवशी फक्त जुनी नोटीस मागे घ्यायची. मग कार्यकारिणीने बसून नवी तारीख ठरवायची, उदाहरणार्थ २९ जून, आणि तिची स्वतंत्र नोटीस विषयपत्रिकेसह काढायची. २९ साठी ती १४ जूनपर्यंत निघाली तरी मधले १४ दिवस भरतात, म्हणजे घाई करायचं कारण उरत नाही. मागे घेणं तातडीचं आहे, नवं बोलावणं तेवढं तातडीचं नाही. दोन्ही एकाच मेसेजात कोंबलं की एकात दोन तारखा येतात आणि लोक नेमकी नको ती लक्षात ठेवतात.

'तारीख धरू नका' म्हणताना आणखी एक गोष्ट हमखास सुटते. सभेच्या तारखेला इतर मुदती टांगलेल्या असतात. उमेदवारी अर्ज सभेच्या सात दिवस आधीपर्यंत, सदस्यांचे ठराव तेवढ्याच आधी, थकबाकी भरून मतदानाला पात्र होण्याची शेवटची तारीख. आपल्या उदाहरणात १५ च्या सात दिवस आधी म्हणजे नेमका ८ जून, जेव्हा चूक कळली तोच दिवस. कोणी अर्ज भरून दिलाही असेल. सभेची तारीख गेली पण अर्जाची मुदत राहिली असं समजणारे निघतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आलेल्या अर्जांचं काय, याचंही एक वाक्य हवं. ते परस्पर बाद करू नयेत, ग्राह्यही धरू नयेत. जपून ठेवावेत आणि निर्णय कार्यकारिणीवर सोडावा.

एवढं सगळं धरून मेसेज असा होतो:

"रद्द: ३१ मे रोजी पाठवलेली वार्षिक सभेची नोटीस. कार्यकारिणीने मंजूर न केलेला मसुदा नजरचुकीने गेला होता. त्यात दिलेल्या १५ जून या तारखेला सभा नाही. त्या नोटिशीतली अर्ज, ठराव व थकबाकीची मुदतही धरू नये. आतापर्यंत आलेले अर्ज कार्यालयात जपून ठेवले आहेत, त्यांबाबत नव्या नोटिशीत कळवू. ३१ मेची नोटीस व तिची फाइल कृपया डिलीट करावी आणि पुढे पाठवली असल्यास तिथेही हा मेसेज पाठवावा. सभेची नवी नोटीस स्वतंत्रपणे येईल, तिच्यावर 'नवी नोटीस' असे शब्द आणि जावक क्रमांक असेल. – सचिव"

माफीचं एखादं वाक्य घालायचं तर शेवटी घाला. मी ते छोटं ठेवतो, कारण लांबलचक दिलगिरीत कामाची ओळ बुडते. कारण मात्र द्यावं. 'मसुदा चुकून गेला' आणि 'सभा पुढे ढकलली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे सचिवाचा अधिकारही संपतो. नोटीस रीतसर ठरवून, रीतसर निघाली असेल आणि नंतर कोणाला तारीख गैरसोयीची वाटू लागली असेल, तर 'डिलीट करा' म्हणून सुटता येत नाही. इंग्लंडमध्ये १९०६ साली पॅरिंगा माइन्स कंपनीच्या खटल्यात हाच मुद्दा आला होता. संचालकांनी रीतसर बोलावलेली सर्वसाधारण सभा पुढे ढकलली, तरी काही भागधारक ठरल्या वेळी जमले आणि त्यांनी सभा घेतली. कंपनीच्या नियमांत तशी तरतूद नसताना संचालकांना सभा परस्पर पुढे ढकलता येत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. क्लबाचं काय, ते त्याच्या नियमावलीवर आणि तिथल्या कायद्यावर ठरेल. पण नियमांत अधिकार दिसत नसेल तर सुरक्षित वाट एकच, ठरल्या दिवशी सभा भरवायची आणि तिथेच ठराव करून ती तहकूब करायची.

आता डिलीट करण्याबद्दल. ज्यांना वाटतं की आपणच सगळ्यांच्या फोनवरून ती पुसून टाकू, त्यांच्यासाठी: व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी डिलीट करण्याची मुभा साधारण अडीच दिवसांची असते, आणि मेसेज दुरुस्त करण्याची पंधरा मिनिटांची. जीमेलमध्ये पाठवलेला मेल परत घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. आठ दिवसांनी यातलं काहीच हाती नसतं. मुदतीत असलात तरी आधी रद्दचा मेसेज टाका आणि मगच मूळ नोटीस डिलीट करा. उलट केलंत तर ज्यांनी वाचली होती त्यांच्या लक्षात तारीख राहते आणि पडताळायला कागद उरत नाही. फाइल कोणी उतरवून घेतली असेल, सूचनाफलकावर लावली असेल, तर तिथवर तुमचं बटण पोचत नाही. फलकावरचा कागद स्वतः जाऊन काढावा लागतो. कोणी कॅलेंडरमध्ये हाताने नोंद केली असेल तर ती तोच काढू शकतो. क्लबने कॅलेंडरचं आमंत्रण पाठवलं असेल, तर ज्या खात्यावरून गेलं तिथूनच ते रद्द करावं. नवं आमंत्रण वेगळं पाठवलं की जुनं तसंच राहतं आणि १५ तारखेला सकाळी घंटा वाजवतं.

सदस्यांनी डिलीट करायचं, सचिवाने नाही. मूळ चुकीची नोटीस, ती कोणाला आणि कधी गेली त्याची यादी आणि रद्दचा मेसेज, तिन्ही दप्तरात राहायला हवं. चुकीच्या प्रतीवर 'रद्द' असं ठळक लिहून तारीख घाला, म्हणजे पुढच्या वर्षी नमुना म्हणून तीच कोणी उघडणार नाही. कार्यकारिणीच्या पुढच्या इतिवृत्तात एक ओळ घ्या की अमुक नोटीस मंजुरीविना गेली व अमुक दिवशी मागे घेतली. उद्या कोणी 'मला १५ चीच नोटीस मिळाली होती' म्हणालं तर हाताशी तेवढंच असतं.

मेसेज पोचला का, हे निळ्या खुणांवरून ठरवू नका. ज्यांचं उत्तर येत नाही त्यांना फोन करावा, विशेषतः जे सदस्य ग्रुपवर नाहीत आणि ज्यांना नोटीस कागदावर गेली होती. त्यांना रद्दचं पत्रही कागदावरच गेलं पाहिजे. १५ जूनला सायंकाळी पावणेपाच ते सहा एक कार्यकारिणी सदस्य सभेच्या जागी थांबवावा. तो आलेल्यांना नवी तारीख सांगेल आणि त्यांची नावं लिहून घेईल, म्हणजे रद्दचा मेसेज कोणाला मिळाला नव्हता ते कळेल.